मिठाईच्या डब्याची डायलाइन छापायला देण्याआधी कशी तपासायची: क्रीज, ब्लीड, पेस्टिंग फ्लॅप आणि लोगो

गणपती-दिवाळीच्या आधी मिठाईवाल्यांचे नवीन डबे करायची घाई सुरू होते. डिझायनर व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतो, मालक मोबाईलवर झूम करून दुकानाच्या नावाचं स्पेलिंग बघतो आणि ओके म्हणून टाकतो. पण डबा बिघडतो तो बहुतेक वेळा स्पेलिंगमुळे नाही, रेघांमुळे बिघडतो, म्हणजे कुठली रेघ कापायची, कुठली मोडायची, कुठे गोंद लागणार आणि उभा केल्यावर कुठलं पॅनेल कुठे तोंड करणार, हे कोणी बघितलेलंच नसतं. या रेघांचा उलगडलेल्या डब्याचा आराखडा म्हणजेच डायलाइन. आणि पाच हजार शीट छापून, लॅमिनेशन होऊन पंचिंगला, म्हणजे डायवर कापायला, गेल्यावर ते कळतं, तेव्हा करण्यासारखं काहीच उरलेलं नसतं.

सगळ्या प्रकारचे डबे एका लेखात बसत नाहीत, म्हणून एकच घेऊ, आपल्याकडे सगळ्यात जास्त चालणारा: अर्धा किलोचा, झाकण मागच्या भिंतीलाच जोडलेलं, चारही कोपरे चिकटवलेला आणि दुकानात चपटा घडी होऊन येणारा. पंचिंगवाले याला फोर कॉर्नर पेस्टिंग म्हणतात. उदाहरणासाठी पेढ्याचा डबा धरू, तळ २०० बाय १३० मिलीमीटर, भिंतींची उंची ४५. झाकण मरून, भिंती क्रीम, झाकणावर सोनेरी फॉइलचा लोगो, वरून मॅट लॅमिनेशन. बोर्ड साधारण ३०० जीएसएमचा, म्हणजे जाडी अंदाजे ०.४ मिमी, थोडी कमीजास्त बोर्डाप्रमाणे.

आधी डायलाइन कुणाची आहे ते विचारा

डायलाइन तीन ठिकाणांहून येऊ शकते. एक, डिझायनरने नेटवरून उतरवलेली. दोन, डबेवाल्याने कॉम्प्युटरवर काढून दिलेली. आणि तीन, जी खरी, म्हणजे डबेवाल्याकडे आधीच पडून असलेली लाकडी डाय. प्लायवुडमध्ये पात्या ठोकलेली ती पाटी असते, धारदार पात्या कापतात आणि बोथट पात्या क्रीज, म्हणजे मोडायची खाच, पाडतात. तुमचा डबा शेवटी या पाटीवर पंच होणार आहे, पीडीएफवर नाही. नवीन डायचा खर्च वाचवायला बरेच जण जुनीच वापरतात, त्यात काही गैर नाही, पण मग तुमच्या हातातली डायलाइन त्याच डायची आहे ना हे पक्कं करायला लागतं.

याचा सोपा उपाय म्हणजे डबेवाल्याला सांगायचं की त्या डायवर एक कोरी शीट पंच करून द्या, न चिकटवता, चपटीच. बहुतेक जण लगेच देतात. ती घरी आणून पट्टीने मोजायची आणि फाइलमधल्या मापांशी ताडून बघायची. क्रीज ते क्रीज तळ २०० बाय १३० आहे का, भिंत ४५ आहे का, झाकण किती आहे. जुन्या डायमध्ये एखादी पाती मधे कधीतरी बदललेली असते आणि एखादी भिंत दीड मिलीमीटर छोटी निघते, मग फाइल त्या शीटप्रमाणे दुरुस्त करायची, उलटं नाही.

आणखी एक प्रश्न त्याच फोनवर विचारून घ्या, डायलाइन छपाईच्या बाजूने दाखवलेली आहे का आतल्या बाजूने. आपला हा डबा डावीकडून-उजवीकडून सारखाच आहे त्यामुळे उलटी आली तरी पकडली जाणार नाही आणि बिघडणारही नाही, पण झाकणावर एका कोपऱ्यात खिडकी वगैरे असली तर ती सरळ दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसेल.

प्रिंट काढा, कापा, घडी घाला

स्क्रीनवर बघून हे काम होत नाही. आपल्या डब्याचं उघडं माप एका रेषेत असं येतं: समोरची भिंत ४५, तळ १३०, मागची भिंत ४५, झाकण १२९, टक फ्लॅप म्हणजे झाकणाची आत खोचायची पट्टी २५, बेरीज ३७४ मिमी. रुंदी दोन बाजूच्या भिंती धरून ४५ अधिक २०० अधिक ४५, म्हणजे २९०. झाकण १३० न होता १२९ का, ते पुढे येतंच. ए-थ्रीवर हे कागदोपत्री बसतं पण साध्या प्रिंटरचा मार्जिन कडा खातो, आणि मग प्रिंटर आपोआप ‘फिट टू पेज’ करून सगळं ९५ टक्के करून टाकतो आणि तुम्ही चुकीचं माप तपासत बसता. त्यापेक्षा डिजिटल प्रिंटवाल्याकडे १२ बाय १८ इंचावर १०० टक्के साइझने काढून घ्या, ब्लीड, म्हणजे कापायच्या रेघेबाहेर नेलेला ३ मिमी रंग, धरून ३८० बाय २९६ आरामात बसतं. जाड कागद मागा, २५० किंवा ३०० जीएसएम मिळाला तर उत्तम. हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे तळाची लांबी पट्टीने मोजायची, २०० नसेल तर बाकी काही बघू नका, परत प्रिंट काढा.

मग कापायचं आणि क्रीजवर रिकाम्या बॉलपेनने पट्टी धरून रेघ ओढून मोडायचं. कोपरे आत्ताच चिकटवू नका, कागदी टेप लावा म्हणजे उघडता येईल. या कागदी डब्याला आपण डमी म्हणू, पुढचं सगळं डमी हातात धरून करायचंय.

क्रीज: कुठली रेघ कापायची, कुठली मोडायची

डायलाइनमध्ये कापायची रेघ सहसा सलग असते आणि क्रीज तुटक, रंग प्रत्येकाचे वेगळे, कोणाची कापायची लाल तर कोणाची काळी. म्हणून फाइलच्या कोपऱ्यात दोन ओळींत लिहिलेलं हवं की अमुक रंग कट, तमुक रंग क्रीज. आता प्रत्येक रेघेवर बोट ठेवून जायचं आणि स्वतःला विचारायचं, ही मोडली नाही तर डबा उभा राहील का, ही कापली तर काय सुटं पडेल. ऐकायला बावळटासारखं वाटतं, पण झाकण आणि मागची भिंत यांच्यातली क्रीज चुकून सलग रेघेत राहिली तर डायमध्ये तिथे धारदार पाती बसते आणि झाकणं वेगळी आणि डबे वेगळे असा ढीग तयार होतो.

दुसरी गोष्ट बोर्डाच्या जाडीची. कागदावर सगळी मापं बरोबर असली तरी खऱ्या बोर्डात एक पॅनेल दुसऱ्याच्या आत जातं आणि तिथे जाडी आडवी येते. आपल्या डब्यात झाकणाचा टक फ्लॅप समोरच्या भिंतीच्या आत शिरतो आणि तिथे दोन्ही कोपऱ्यांवर बाजूच्या भिंतींचे चिकटवलेले फ्लॅप आधीच बसलेले असतात. म्हणजे भिंतीची जाडी, तिच्या आत पेस्टिंग फ्लॅपची जाडी, आणि त्याच्याही आत टक फ्लॅप. म्हणून झाकणाची खोली, म्हणजे मागच्या बिजागरीच्या क्रीजपासून टक फ्लॅपच्या क्रीजपर्यंत, तळाएवढी १३० न ठेवता १२९ ठेवायची. तसंच झाकणाची रुंदी २०० ऐवजी १९९, कारण झाकणाचे बाजूचे छोटे फ्लॅपही भिंतींच्या आतच जातात. टक फ्लॅप दोन्ही टोकांना एकेक मिलीमीटर आखूड आणि कोपरे गोल हवेत, नाहीतर काउंटरवरचा पोरगा गर्दीत डबा बंद करताना तो कोपरा दुमडून टाकणार हे नक्की.

डिझायनरच्या हातून इथे काय होतं, तर डायलाइन ‘स्वच्छ’ करायच्या नादात तो झाकण आणि तळ एकसारखे करून टाकतो, कारण १२९ आणि १३० त्याला चूक वाटते. हे कसं ओळखायचं, तर डमीवर झाकण बंद करा आणि वरून बघा. झाकण मधोमध फुगलं किंवा समोरची भिंत पुढे ढकलली गेली तर झाकण मोठं आहे. झाकणाच्या पुढच्या कडेला दोन मिलीमीटरची फट दिसली तर जास्तच लहान केलंय.

बिजागरीच्या क्रीजवर गडद रंग असेल तर अजून एक बघायचं. मरूनसारखा भरगच्च रंग डुप्लेक्स बोर्डवर छापून लॅमिनेशन न करता मोडला की मोडावर रंग तडकतो आणि पांढरी दातेरी रेघ दिसते. लॅमिनेशन असलं तर फिल्म रंगाला धरून ठेवते आणि बराच फरक पडतो. बजेटमुळे शेवटच्या क्षणी लॅमिनेशन काढून नुसतं वार्निश करायचं ठरलं तर झाकणाचा रंग फिका करा, किंवा निदान एक नमुना पंच करून मोडून बघा.

पेस्टिंग फ्लॅप, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

आपल्या डब्यात चार पेस्टिंग फ्लॅप आहेत. बाजूच्या दोन भिंतींच्या दोन्ही टोकांना एकेक, उंची भिंतीएवढी म्हणजे ४५ च्या आसपास आणि लांबी ३० मिमी. डबा उभा केला की हे फ्लॅप वळून समोरच्या आणि मागच्या भिंतीच्या आतल्या अंगाला चिकटतात. आता नीट लक्ष द्या, फ्लॅपची जी बाजू भिंतीला चिकटते ती फ्लॅपची छापलेली बाजू असते. म्हणजे गोंद छपाईच्या बाजूला लागतो. डमी हातात धरून एकदा कोपरा वळवून बघितलात की लगेच कळेल.

त्यामुळे फ्लॅपवर शाई नको, वार्निश नको, यूव्ही कोटिंग तर अजिबात नको. पण पूर्ण कोराही ठेवायचा नाही, कारण पंचिंग मिलीमीटरभर सरकलं की भिंतीच्या उभ्या कडेला पांढरी पट्टी दिसते. म्हणून बाजूच्या भिंतीचा क्रीम रंग क्रीज ओलांडून २ ते ३ मिमी फ्लॅपवर न्यायचा आणि तिथून पुढे कोरा बोर्ड. डिझायनरला हे शब्दात सांगितलं की तो ‘हो हो’ म्हणतो आणि पॅटर्न पूर्ण फ्लॅपभर पसरवून देतो, कारण स्क्रीनवर कोरे फ्लॅप भकास दिसतात. तर सरळ प्रिंटवर पेनने चौकट मारून आत ‘गोंद, इथे काही नको’ असं लिहून फोटो पाठवा.

आता तिरकी रेघ. डबा चपटा घडी होऊन यायचा असेल तर प्रत्येक पेस्टिंग फ्लॅपवर तळाच्या कोपऱ्यातून निघणारी ४५ अंशांची एक क्रीज लागते. घडी करताना बाजूची भिंत आत तळावर पडते आणि फ्लॅप या तिरक्या क्रीजवर मोडून समोरच्या भिंतीवर चिकटलेला राहतो. याचा अर्थ गोंद फ्लॅपभर लावायचाच नाही, तिरक्या क्रीजच्या पलीकडचा, बाजूच्या भिंतीपासून लांबचा जो त्रिकोण आहे फक्त त्याच्यावर लावायचा, आणि तिरक्या रेघेपासून तीन-चार मिलीमीटर सोडून. गोंद रेघेच्या अलीकडे आला तर फ्लॅपचा मोडायचा भागही भिंतीला जाम होतो, मग चिकटवलेला डबा घडीच होत नाही, किंवा जबरदस्तीने घडी केलीच तर उघडताना कोपरा फाटतो.

म्हणून तपासताना तीन गोष्टी बघायच्या. तिरकी रेघ क्रीज म्हणून आहे ना, कट म्हणून नाही ना. ती बरोबर तळाच्या कोपऱ्यातूनच निघते ना, कारण दोन मिलीमीटर जरी बाजूला असली तरी घडी तिरपी बसते आणि शंभर डब्यांचा गठ्ठा एका बाजूला फुगतो. आणि त्रिकोण गोंदाला पुरेसा मोठा आहे ना. फ्लॅप ३० मिमी लांब असेल तर त्रिकोणाच्या दोन बाजू तीस-तीसच्या येतात, ते ठीक आहे. बोर्ड वाचवायला कोणी फ्लॅप १५ चा केला तर गोंदाला उरलेला त्रिकोण इतका चिमुकला होतो की पेढे भरलेला डबा कोपऱ्याला धरून उचलला की सुटतो.

लॅमिनेशनचं काय? ते पूर्ण शीटवर जातं, फ्लॅपवरही चढतं, फ्लॅपपुरतं सोडायची सोय साध्या कामात नसते. साधा पाण्याचा पांढरा गोंद फिल्ममध्ये मुरत नाही, तो वरवर सुकतो आणि आठवड्याभरात कोपरा टकाटक सुटतो. यावर दोन उपाय चालतात. एक, डायमध्ये गोंदाच्या जागी बारीक तुटक पाती बसवायची, ती फिल्मला ओरखडे पाडते आणि गोंद त्या चिरांतून बोर्डापर्यंत पोचतो. दोन, फिल्मवर चिकटणारा वेगळा गोंद वापरायचा. कुठला उपाय करणार हे डबेवाल्याला आधी विचारायचं आणि पहिला असेल तर ती तुटक पाती डायलाइनमध्ये काढलेली दिसायला हवी. फिल्म वरून चढणारच आहे तर फ्लॅपवर शाई असली म्हणून काय बिघडलं, असं एक लॉजिक ऐकायला मिळतं. बिघडतं, कारण चिरांतून उतरलेला गोंद मग बोर्डाऐवजी शाईच्या थराला धरतो आणि तो थर सुटून येतो.

तुपामुळे डबा आतूनही कोट करून घेत असाल तर समोरच्या भिंतीची आतली बाजूही मुरणारी राहिली नाही, म्हणजे दोन्हीकडे गुळगुळीत. हे डबेवाल्याला स्पष्ट सांगा, नाहीतर तो नेहमीचाच गोंद भरेल.

चिकटवलेल्या नमुन्याची परीक्षा अशी: एक दिवस ठेवायचा, मग कोपरा हाताने ओढून उघडायचा. बोर्डाचे तंतू फाटून आले तर जोड पक्का. गोंदाचा पापुद्रा सरळ सोलून आला आणि दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ राहिले तर तो डबा ग्राहकाच्या हातात सुटणार.

ब्लीड: बाहेरची कड सोपी, आतल्या कडा फसवतात

कापायच्या रेघेच्या बाहेर ३ मिमी रंग न्यायचा, हे बहुतेकांना माहीत असतं आणि बाहेरच्या कडांना ते केलेलंही असतं. गडबड होते ती दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण म्हणजे समोरच्या भिंतीची छोटी उभी कड आणि तिच्या शेजारचा पेस्टिंग फ्लॅप. दोघांच्या मधे जेमतेम एक काप असतो. समोरच्या भिंतीचं ३ मिमी ब्लीड बाहेर काढलं की ते सरळ फ्लॅपवर जाऊन पडतं, आणि तेही तंतोतंत त्या गोंदाच्या त्रिकोणाच्या कडेवर. म्हणून चांगल्या डायमध्ये फ्लॅपची ती कड थोडी तिरपी कापून मधे दोनेक मिलीमीटरची फट ठेवलेली असते, फ्लॅप आत सरकायलाही त्याने सोपं जातं. तिथे ब्लीड ३ ऐवजी २ करायचं म्हणजे ते त्या फटीत संपतं. मागच्या भिंतीकडे पण हेच, म्हणजे एकूण चार जागा. पूर्ण डायलाइनभोवती एकदम सारख्या अंतरावर रेघ ओढून ब्लीड काढलं असेल तर या चार जागा हमखास चुकलेल्या सापडतात.

दुसरं ठिकाण म्हणजे जिथे क्रीजवर रंग बदलतो. आपल्या डब्यात मरून झाकण आणि क्रीम मागची भिंत बिजागरीवर भेटतात. छपाई आणि पंचिंग यांच्यात एक मिलीमीटर इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं आहे, त्यात डबेवाल्याला दोष देता येत नाही. रंगाची हद्द बरोबर क्रीजवर ठेवली तर कधी झाकणाच्या कडेला क्रीम रेघ दिसणार तर कधी भिंतीवर मरून. मग ठरवून टाकायचं की कुठे सरकलेलं कमी खुपतं, आणि हद्द तिकडे ढकलायची. झाकण सगळ्यात जास्त बघितलं जातं म्हणून मरून दोन मिलीमीटर मागच्या भिंतीवर उतरवायचा, मग पंचिंग कसंही आलं तरी झाकण पूर्ण मरूनच राहतं. समोरची भिंत आणि तळ यांच्यात भिंतीचा क्रीम तीन मिलीमीटर तळावर न्यायचा, तळ कोण बघतंय. टक फ्लॅप पूर्णच मरून ठेवायचा, त्याचं एक कारण तर झाकणाची पुढची कड हे आहेच, दुसरं कारण समोरच्या भिंतीवर बोट घालायला जो अर्धगोल काप असतो ना, त्या कापातून टक फ्लॅपची छापलेली बाजू दिसते. तिथे कोरा बोर्ड असेल तर डब्याच्या तोंडावरच पांढरा अर्धचंद्र दिसतो.

मजकूर आणि लोगो कापायच्या कडेपासून निदान ५ मिमी आणि क्रीजपासून ३ ते ४ मिमी आत. आणि झाकणाच्या कडेने जाणारी ती बारीक सोनेरी बॉर्डर, प्रत्येक मिठाईवाल्याला हवी असते, ती कडेपासून २ मिमीवर कधीच ठेवू नका. एक मिलीमीटर सरकलं की एका बाजूला १ आणि समोरच्या बाजूला ३ होतं, आणि हे लांबूनही दिसतं. कडेपासून ७-८ मिमी आत घेतली तर तेवढाच फरक डोळ्याला कळत नाही. माझं मत विचाराल तर बॉर्डर काढूनच टाका.

लोगो: उघड्या शीटवर उलटा, डब्यावर सुलटा

डायलाइन अशी ठेवली आहे असं धरा: सगळ्यात खाली समोरची भिंत, तिच्या वर तळ, मग मागची भिंत, मग झाकण आणि सगळ्यात वर टक फ्लॅप. डबा टेबलावर ठेवून गिऱ्हाईक समोर उभं राहतं तेव्हा झाकणाची बिजागरी लांबच्या बाजूला असते, म्हणजे झाकणावरच्या लोगोचं डोकं बिजागरीकडे हवं. पण शीटवर बिजागरी झाकणाच्या खालच्या कडेला आहे. म्हणून शीटवर झाकणावरचा लोगो पूर्ण उलटा, डोकं खाली असा दिसला पाहिजे. समोरच्या भिंतीचंही तसंच, तिची वरची कड तळापासून लांबची, म्हणजे शीटवर सगळ्यात खाली, तिथेही अक्षरं उलटी. मागची भिंत मात्र सरळ. बाजूच्या भिंतींवर अक्षरांचं डोकं तळापासून बाहेर, डावीकडच्या भिंतीवर डावीकडे आणि उजवीकडच्यावर उजवीकडे.

म्हणून पीडीएफ उघडल्यावर सगळ्या पॅनेलवरचं नाव छान सरळ वाचता येत असेल तर खूश होऊ नका, तो डबा चुकलेला आहे. उलटा लोगो दिसल्यावर मालकाचा पण फोन येतोच, ‘अहो नाव उलटं आलंय की!’, आणि मग डिझायनर घाबरून ते सरळ करून देतो. यावर वाद घालण्यापेक्षा डमी उभी करून फोटो पाठवा. डमी करताना प्रत्येक पॅनेलवर पेनने वरच्या दिशेचा बाण काढा, मग ती उघडून शीट फाइलशेजारी धरा आणि बाण जुळवा.

जागा ठरवताना लोगो आर्टबोर्डच्या मध्यावर नाही, त्या पॅनेलच्या मध्यावर घ्यायचा. आपल्या झाकणाचा मध्य शीटच्या वरच्या कापापासून २५ अधिक ६४.५, म्हणजे ८९.५ मिमीवर येतो. मापाने अगदी मधोमध ठेवलेला लोगो डोळ्याला किंचित खाली घसरल्यासारखा वाटतो, म्हणून मी तो दोन-तीन मिलीमीटर बिजागरीकडे सरकवायला सांगते. तुमच्याकडे डब्याला रिबन किंवा सुतळी बांधायची पद्धत असेल तर डमीला खरंच बांधून बघा, नावाचं मधलं अक्षर तिच्याखाली जातंय का ते.

समोरच्या भिंतीचं गणित वेगळं करावं लागतं. उंची ४५, वरून बोटाचा अर्धगोल काप १० मिमी खोल, त्याच्याखाली ४ सोडायचे, खालच्या क्रीजपासून ५ सोडायचे, हातात उरले २६. डिझायनरने ३० उंचीचं नाव बसवलेलं असेल तर स्क्रीनवर ते छान भिंतभर दिसतं आणि प्रत्यक्षात कापाला चिकटतं. २४ करा. किंवा नाव कापाच्या एका बाजूला घ्या, मोठंही ठेवता येतं.

गणपतीचा किंवा देवीचा फोटो असेल तर तो पूर्णच्या पूर्ण एका पॅनेलवर हवा. झाकणावरून मागच्या भिंतीवर उतरणारं चित्र डिझायनरांना फार आवडतं, पण बिजागरीची क्रीज बरोबर मुकुटावरून गेली की दरवेळी डबा उघडताना तिथेच मोड पडतो, आणि दुकानात येणाऱ्या आजी हे सगळ्यात आधी बघतात. तळावर देव नकोच, डबा जमिनीवर ठेवला जातो.

फॉइल आणि एम्बॉस असेल तर ते क्रीजवर किंवा तिला चिकटून नको, आणि फॉइलच्या आकाराखाली वेगळ्या रंगाचा तंतोतंत तसाच आकार छापू नका, दोन्ही कधीच तंतोतंत बसत नाहीत. सरळ मरूनवर फॉइल मारा.

हिरवा शाकाहारी ठिपका पदार्थाच्या नावाजवळ दिसेल असा ठेवायचा, १४ अंकी एफएसएसएआय नंबर, वजन वगैरे मागच्या भिंतीवर. यातलं काहीही टक फ्लॅपवर टाकू नका, डबा बंद झाला की ते आत गेलं. तारखेच्या स्टिकरला ४० बाय २५ ची जागा कोरी ठेवा, मॅट लॅमिनेशनवर शिक्क्याची शाई पुसली जाते.

फाइलमध्ये शेवटचं बघायचं

डायलाइन वेगळ्या लेयरवर, एका स्वतंत्र स्पॉट रंगात, म्हणजे छपाईच्या चार सीएमवायके शायांबाहेरच्या वेगळ्या रंगात हवी, नाव `Dieline` असं साधं. रेघा सीएमवायकेमध्ये असतील तर त्या छापल्या जातात. रेघांना `Overprint Stroke` लावलेलं हवं, नाहीतर रेघेखालचा रंग कापला जाऊन प्लेटवर पांढरी बारीक फट पडते. पीडीएफ ॲक्रोबॅट प्रोमध्ये उघडून `Output Preview` मध्ये `Dieline` वरची टिक काढा, सगळ्या रेघा गायब झाल्या पाहिजेत आणि खाली रंग सलग दिसला पाहिजे. एखादी रेघ तशीच राहिली तर ती चुकून काळ्यात किंवा लालमध्ये आहे. फॉइल पण असाच स्वतंत्र स्पॉट. टिक काढ-घाल करून फॉइलमध्ये नेमकं काय काय आहे ते बघा, हिरवा ठिपका फॉइलमध्ये गेलेला मी पाहिलाय.

हे सगळं झालं की दुरुस्त्या एकाच मेसेजमध्ये, पॅनेलचं नाव घेऊन पाठवा, ‘थोडं वर घ्या’ असं न लिहिता. आपल्या उदाहरणात तो मेसेज असा होईल:

‘झाकणाची खोली १३० आहे ती १२९ करा, रुंदी १९९. चारही पेस्टिंग फ्लॅप कोरे करा, बाजूच्या भिंतीचा रंग फ्लॅपवर फक्त ३ मिमी येऊ दे. समोरच्या आणि मागच्या भिंतीच्या उभ्या कडांना ब्लीड २ मिमी. झाकणाचा मरून मागच्या भिंतीवर २ मिमी उतरवा, टक फ्लॅप पूर्ण मरून. समोरच्या भिंतीवरचं नाव २४ मिमी उंच करा आणि १८० अंश फिरवा. झाकणाची बॉर्डर काढा. डायमध्ये गोंदाच्या त्रिकोणात तुटक पाती आहे का ते डबेवाल्यांना विचारून सांगा.’

सुधारलेली फाइल आली की परत एक प्रिंट, परत एक डमी. आणि काम पंचिंगला लागेल त्या दिवशी शक्य असेल तर जाऊन उभे राहा, पहिल्या काही शीट निघाल्या की एक उचलून तिथेच मोडा, झाकण बंद करा आणि बिजागरीजवळ मरूनची हद्द कुठे आलीय ते बघा. एका मिलीमीटरपेक्षा जास्त सरकलेली असेल तर मशीन सुरू असतानाच सांगा, मशीनवर शीट जिथे टेकते तो गाइड हलवून ते तिथल्या तिथे सुधारता येतं.